परभाषेंतील चुकांचें अश्मीभवन

नोकरीनिमित्त उत्तरेकडे जाऊन राहिलेले मराठी गृहस्थ पुष्कळांच्या नात्यांत असतात. पंचवीस-तीस वर्षें जबलपुरास किंवा काशीस काढल्यावर ते हिंदी झरझर बोलतात, हिंदी वर्तमानपत्र वाचतात, प्रसंगीं सभेंत चार शब्दही बोलतात. तरी एखाद्या गायकाची स्तुति करतांना त्यांच्या तोंडून “उसका आवाज बहुत अच्छा है” असेंच वाक्य बाहेर पडतें. हिंदींत ‘आवाज’ स्त्रीलिंगी आहे. “उसकी आवाज बहुत अच्छी है” असें म्हणावयास पाहिजे. हें त्यांना ठाऊक नसतें असेंही नाहीं. कोणी विचारल्यास ते बरोबर उत्तर देतील. परंतु पुढच्याच घटकेस बोलण्याच्या ओघांत तोच ‘अच्छा’ पुनः येतो. ज्या मनुष्यानें परक्या भाषेंतील हजारों शब्द आत्मसात् केले, त्याला ही एवढीशी चूक तीस वर्षांत कां सोडवत नाहीं ? आळस, हट्ट किंवा मंदबुद्धि हीं कारणें येथें लागू पडत नाहींत. कारण दुसरेंच आहे आणि तें समजण्यासाठीं चुकीकडे पाहण्याची आपली जुनी दृष्टि थोडी बदलली पाहिजे.

आपल्या वैयाकरणांच्या परंपरेंत साधु शब्द एक आणि त्याचे अपभ्रंश अनेक, असा विचार आहे. पतंजलींनीं महाभाष्यांत ‘गौः’ या एका शब्दाचे गावी, गोणी इत्यादि अपभ्रंश दिले आहेत. या दृष्टीनें पाहिलें म्हणजे चूक ही केवळ शुद्ध रूपापासूनची घसरण ठरते. तिच्यांत स्वतःची अशी व्यवस्था असूं शकेल ही कल्पना सहसा मनांत येत नाहीं. शाळेंतील मास्तरही आजवर याच दृष्टीनें लाल शाई वापरीत आले. १९६७ सालीं एस. पिट कॉर्डर या भाषाशास्त्रज्ञानें निराळा विचार मांडला. त्याच्या मतें शिकणाऱ्याच्या चुका दोन जातींच्या असतात. एक जात म्हणजे घाईनें, थकव्यानें किंवा लक्ष उडाल्यामुळें जीभ घसरणें; हें स्खलन मातृभाषेंतही होतें आणि बोलणारा तें स्वतःच सुधारतो. दुसरी जात म्हणजे पुनःपुनः त्याच ठिकाणीं, त्याच रीतीनें होणारी चूक. ही दुसरी जात महत्त्वाची, कारण तिच्या मागें शिकणाऱ्यानें मनांत बांधलेला कांहीं नियम उभा असतो.

पांच वर्षांनीं, १९७२ मध्यें, लॅरी सेलिंकर या अमेरिकन पंडितानें या विचारास पुढें नेऊन एक नवें नांव दिलें. परभाषा शिकणारा जी भाषा प्रत्यक्ष बोलतो ती त्याची मातृभाषा नसते आणि ज्यांची ती भाषा आहे त्यांचीही नसते. दोहोंच्या मध्यें असलेली, स्वतःचे नियम बाळगणारी ती एक तिसरीच भाषा असते. तिला आपण ‘अंतरभाषा’ म्हणूं. शिक्षण चालू असतां अंतरभाषेचे नियम बदलत जातात आणि ती लक्ष्यभाषेच्या जवळ सरकत राहते. परंतु तिचे कांहीं भाग एका मुक्कामावर येऊन थांबतात, आणि पुढें कितीही ऐकलें, कितीही समजावलें तरी हलत नाहींत. प्राण्याचें शरीर खडकांत गाडलें जाऊन जसा त्याचा दगड होतो, तशी ही अवस्था असल्यामुळें सेलिंकरनें तिला ‘अश्मीभवन’ म्हटलें. परभाषेंत अगदीं स्वभाषिकासारखी गति मिळविणारे प्रौढ विद्यार्थी शेंकडा पांचही नसावेत, असा त्याचा अंदाज होता.

आतां आपल्या त्या गृहस्थांची हिंदी तपासूं. ते पंचविसाव्या वर्षीं काशीस गेले असें धरून चाला. मराठींत लिंगें तीन, हिंदींत दोन. ही अडचण त्यांना कोणी व्याकरण न शिकवितांही सोडवावी लागते, आणि ती ते फार चातुर्यानें सोडवितात. मराठींत जें पुल्लिंगी तें हिंदींत पुल्लिंगी, जें स्त्रीलिंगी तें स्त्रीलिंगी, आणि जें नपुंसकलिंगी तें पुल्लिंगी, असा नियम त्यांचें मन आपोआप बांधतें. घर, पाणी, दूध, फळ, काम, नांव, दहीं, तूप हे सगळे मराठींत नपुंसक; हिंदींत घर, पानी, दूध, फल, काम, नाम, दही, घी हे सगळे पुल्लिंगी. नदी, भाषा, गाडी, रात्र यांचें स्त्रीलिंग तिकडेही टिकतें. पहिल्या महिन्याभरांतील व्यवहार या नियमावर निभावतो. हा नियम मराठीचा नाहीं, कारण मराठींत तो असण्याची गरजच नाहीं. हिंदीचाही नाहीं, कारण हिंदी माणसाला नपुंसकलिंग ठाऊक नाहीं. तो शुद्ध अंतरभाषेचा नियम होय.

संकट येतें तें थोड्या शब्दांपाशीं. पुस्तक मराठींत नपुंसक, म्हणून गृहस्थ “मेरा पुस्तक” म्हणतात. हिंदींत तें स्त्रीलिंगी आहे. आवाज, विजय, मृत्यु, आत्मा, देह, अग्नि, वायु हे मराठींत पुल्लिंगी, हिंदींत मात्र स्त्रीलिंगी. याच्या उलट व्यक्ति मराठींत स्त्रीलिंगी आणि हिंदींत पुल्लिंगी. म्हणून “उनका मृत्यु हुआ”, “हमारा विजय हुआ”, “वह व्यक्ति अच्छी है” अशीं वाक्यें तयार होतात. ज्या घरांत संस्कृताचें अध्ययन झालेलें असतें तेथें ही अडचण दुणावते. एक आवाज सोडला तर वरील सर्व शब्द संस्कृतांतून आलेले आहेत, आणि त्यांच्या बाबतींत संस्कृत मराठीच्याच बाजूनें साक्ष देतें. विजय, मृत्यु, आत्मा, अग्नि, वायु हे संस्कृतांतही पुल्लिंगी आणि व्यक्ति स्त्रीलिंगी. त्यामुळें संस्कृत जाणणाऱ्याला आपण चुकत आहों अशी शंकासुद्धां येत नाहीं. हिंदींत लिंग कां बदललें याचें एक स्पष्टीकरण जाणकार देतात. मृत्यूच्या जागीं आधीं ‘मौत’ रूढ होता, पुस्तकाच्या जागीं ‘किताब’, वायूच्या जागीं ‘हवा’, अग्नीच्या जागीं ‘आग’, व्यक्तीच्या जागीं ‘आदमी’. मागाहून आलेल्या संस्कृत शब्दानें आधींच्या रूढ शब्दाचें लिंग उचललें. परंतु हा इतिहास बोलणाऱ्याच्या कामास येत नाहीं. बोलतांना मनांतला नियमच पुढें येतो.

येथें एक गंमत लक्षांत घेण्यासारखी आहे. हेच गृहस्थ लहानपणापासून “शिवाजी महाराज की जय” अशी गर्जना शेंकडों वेळां करीत आलेले असतात. ‘जय’ हिंदींत स्त्रीलिंगी आहे हें त्यांच्या जिभेला पाठ आहे. पण ‘की जय’ हा सबंध तुकडा एका शब्दासारखा स्मरणांत ठेवलेला असतो आणि त्याचे अवयव कधीं सुटे झालेले नसतात. त्यामुळें त्या ‘की’चा ‘विजय’ शब्दाला उपयोग होत नाहीं. एखादें शुद्ध वाक्य तोंडांत असणें आणि त्यामागचा नियम मनांत असणें, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षेंत शुद्ध उत्तर देणारा मुलगा बोलण्यांत चुकतो, त्याचेंही कारण हेंच.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. याच गृहस्थांनीं पहिल्या वर्षांत ज्या दुसऱ्या चुका केल्या, त्या कोठें गेल्या ? समजा त्यांनीं शेजाऱ्याला सांगितलें कीं, “इस शरारती लड़के को कड़ी शिक्षा देनी चाहिए.” त्यांच्या मनांत मराठी ‘शिक्षा’, म्हणजे दंड, शेजाऱ्याच्या मनांत हिंदी ‘शिक्षा’, म्हणजे विद्या. शेजारी आनंदानें एखाद्या चांगल्या शाळेचें नांव सुचवितो, आणि घटकाभरांत घोटाळा उघडकीस येतो. ‘चेष्टा’ शब्दाचें असेंच; मराठींत ती थट्टा, हिंदींत तो प्रयत्न. अशी चूक एकदां, फार तर दोनदां होते आणि कायमची जाते, कारण तिनें अर्थाचा घात होतो आणि घात झाल्याचें बोलणाऱ्याला तत्काळ कळतें. “उसका आवाज अच्छा है” यानें काय बिघडतें ? ऐकणाऱ्यास अर्थ पूर्ण कळला. त्यानें मान डोलाविली. संभाषण पुढें गेलें. या प्रसंगाची हजारों वेळां पुनरावृत्ति होते आणि प्रत्येक वेळीं गृहस्थांच्या मनांतील नियमाला जणूं पसंतीची मोहोर मिळते. तीस वर्षांचा सहवास हा तीस वर्षांचा अभ्यास खरा, पण तो चुकीचाही अभ्यास असतो.

कोणी म्हणेल, ऐकणारे सुधारीत कां नाहींत ? ते सुधारतात, पण बोलणाऱ्याला ती सुधारणा ऐकूं येत नाहीं. शेजारी म्हणतो, “हाँ, उसकी आवाज सचमुच मीठी है.” या वाक्यांत ‘उसकी’ आणि ‘मीठी’ या दोन्ही सुधारणा आहेत. परंतु गृहस्थांच्या कानांनीं त्यांतून फक्त ‘हाँ’ घेतलें. आपल्या मताला दुजोरा मिळाला, एवढाच त्या वाक्याचा अर्थ त्यांच्यापुरता झाला. घरीं आलेला पाहुणा किंवा कचेरींतील सहकारी शिष्टाचारामुळें याहून स्पष्ट बोलत नाहीं.

या गोष्टीचा पुरावा कॅनडांतील शाळांत मिळाला आहे. तेथें माँट्रिअलजवळील सेंट लॅम्बर्ट गांवीं १९६५ पासून इंग्रजी मातृभाषेच्या मुलांना सगळे विषय फ्रेंचमधून शिकविण्याचा प्रयोग सुरू झाला आणि पुढें तो देशभर पसरला. फ्रेंचमध्येंही हिंदीप्रमाणें दोनच लिंगें आहेत, आणि इंग्रजींत निर्जीव वस्तूंना लिंगभेद नाहीं. वर्षानुवर्षें फ्रेंच ऐकून या मुलांना ती भाषा ऐकून समजण्यांत जवळजवळ फ्रेंच मुलांइतकी गति आली. परंतु त्यांच्या बोलण्यांत लिंगाच्या व क्रियापदांच्या चुका तशाच राहिल्या. मेरिल स्वेन या विदुषीनें १९८५ मध्यें त्याचें कारण असें दिलें कीं, ऐकून अर्थ समजण्यासाठीं लिंगाकडे लक्ष द्यावें लागत नाहीं. स्वतः बोलतांना, आणि तेंही नेमकें बोलण्याचा आग्रह धरला गेला तरच, त्याकडे लक्ष जातें. १९९७ मध्यें लिस्टर व रांटा या दोघांनीं अशा चार वर्गांतील शिक्षकांच्या सुधारणा मोजल्या. त्यांपैकीं शेंकडा ५५ सुधारणा वर सांगितलेल्या शेजाऱ्याच्या पद्धतीच्या, म्हणजे मुलाचेंच वाक्य शुद्ध करून बोलून दाखविण्याच्या होत्या. आणि अशा सुधारणेनंतर मुलानें तिची कांहीं तरी दखल घेतली असें शेंकडा ३१ वेळांच झालें. उलट शिक्षकानें शुद्ध रूप स्वतः न सांगतां, मुलाला थांबवून तें त्याच्याकडूनच काढून घेतलें, तेव्हां दखल फार अधिक वेळां घेतली गेली.

वयाचा भाग यांत आहेच. त्याच गृहस्थांचा पांच वर्षांचा मुलगा गल्लींतील पोरांबरोबर खेळून दोन वर्षांत ‘उसकी आवाज’ म्हणूं लागतो. त्याला कोणीं लिंग शिकविलेलें नसतें. परंतु सगळें वयावर ढकलतां येत नाहीं, कारण एकाच प्रौढ मनुष्याच्या भाषेचा एक भाग दगड होतो आणि दुसरा निर्दोष होतो. डॉना लार्डिएर या अमेरिकन विदुषीनें अभ्यासिलेलें एका बाईचें उदाहरण या शास्त्रांत प्रसिद्ध आहे. पुस्तकांत तिला पॅटी असें टोपणनांव दिलें आहे. ती चिनी मातृभाषेची, प्रौढपणीं अमेरिकेंत आली, तेथेंच पदव्या मिळविल्या आणि दिवसभर इंग्रजींत व्यवहार करी. दहा-एक वर्षांच्या वास्तव्यानंतर तिचें बोलणें ध्वनिमुद्रित केलें, तेव्हां जेथें भूतकाळाचें रूप हवें तेथें तें तिनें शेंकडा सुमारें ३५ वेळांच वापरलें होतें. सुमारें नऊ वर्षांनीं पुनः ध्वनिमुद्रण केलें तेव्हांही प्रमाण जवळजवळ तेंच. मात्र ‘ही’ आणि ‘हिम’ यांसारख्या सर्वनामांच्या विभक्तींत तिची चूक होत नसे. चिनी भाषेंत क्रियापद काळाप्रमाणें बदलत नाहीं, आणि शब्दाच्या शेवटीं लागोपाठ व्यंजनें उच्चारण्याचीही तिला संवय नाहीं; इंग्रजी भूतकाळाचें चिन्ह तर बहुधा अशाच ठिकाणीं, शब्दाच्या शेंपटास असतें. पत्रव्यवहारांत, जेथें जिभेचा प्रश्न नसतो, तेथें तिचीं भूतकाळाचीं रूपें पुष्कळ अधिक वेळां बरोबर येत. यावरून एवढें दिसतें कीं जेथें मातृभाषेचा नियम, जिभेची संवय आणि अर्थाची बेफिकिरी हीं तिन्ही एकत्र येतात, तेथें दगड लवकर होतो.

कोणती चूक अश्मीभूत आणि कोणती केवळ रेंगाळलेली, हें ओळखावें कसें ? मायकेल लाँग यानें २००३ मध्यें असा आक्षेप घेतला कीं, चूक कायमची थिजली असें मरेपर्यंत कोणासही सिद्ध करतां येणार नाहीं. फार तर ती दीर्घकाळ स्थिरावली आहे असें म्हणावें. हा आक्षेप रास्त आहे. तरी व्यवहारापुरती परीक्षा घरींही करतां येते. वर दिलेल्या नऊ शब्दांवर नऊ वाक्यें त्या मनुष्यास स्वस्थपणें लिहावयास सांगावीं. आणि दुसऱ्या दिवशीं तेच शब्द सहज येतील अशा विषयावर, उदाहरणार्थ एखाद्या मृत्यूची वार्ता किंवा वाचलेलें पुस्तक यांवर, त्याला मनापासून बोलूं द्यावें. लिहितांना आणि बोलतांना दोन्हीकडे चुकत असेल तर त्याला तें लिंग ठाऊकच नाहीं. तें सांगितलें म्हणजे काम होण्यासारखें आहे. कधीं बरोबर, कधीं चूक असें बोलण्यांतही होत असेल, तर त्या जागीं नियम अजून हलत आहे. परंतु लिहितांना सर्व शुद्ध आणि बोलतांना तींच जुनीं रूपें, आणि सहा महिन्यांनीं पुनः पाहिलें तरी तेंच, असें असेल तर ज्ञान आणि जीभ यांची फारकत झाली आहे असें समजावें. सेलिंकरनें आणखी एक खूण सांगितली आहे. गेलेली वाटणारी चूक चिंता, क्षोभ, कठीण विषय किंवा अति निवांतपणा यांत परत येते; आणि ती परत येतांना मनुष्य मातृभाषेकडे जात नाहीं, तर आपल्या अंतरभाषेच्या जुन्या मुक्कामावर जातो. आपले गृहस्थ रागावले म्हणजे मराठी बोलत नाहींत. ते आपली तीस वर्षांपूर्वींचीच हिंदी बोलतात.

उपाय आहेत, पण त्यांची मर्यादा ओळखून केले पाहिजेत. नवशिक्यानें नाम एकटें कधींच पाठ करूं नये. ‘आवाज’ नव्हे तर ‘मीठी आवाज’, ‘पुस्तक’ नव्हे तर ‘नई पुस्तक’, ‘व्यक्ति’ नव्हे तर ‘अच्छा व्यक्ति’ अशी जोडी पाठ करावी, आणि ‘मीठी आवाज’ पाठ होतांच ‘उसकी आवाज’, ‘धीमी आवाज’ असे तिचे तुकडेही बदलून पाहावे, म्हणजे तिची ‘की जय’सारखी बंद पेटी होणार नाहीं. ज्याची चूक जुनी आहे त्यानें एका वेळीं एकच शब्द हातीं घ्यावा. घरांतील हिंदी चांगली असलेल्या नातवानें आजोबांचें वाक्य स्वतः शुद्ध करून पुढें जाऊं नये, “आजोबा, आवाज कशी?” एवढेंच विचारून थांबावें आणि आजोबांनीं आपलें वाक्य स्वतः पुरें करावें. अशा रीतीनें पांच-सात शब्द सुटणें शक्य आहे. त्यांच्या मागचा जो नियम आहे तो मात्र बहुधा सुटत नाहीं. नव्या शब्दापाशीं तो पुनः डोकें वर काढतो.

हीच गोष्ट उलट दिशेनेंही घडत असते. पुण्यास वीस वर्षें राहिलेला हिंदीभाषी मनुष्य “माझी पुस्तक” आणि “माझा घर” म्हणतो, तेव्हां त्यानेंही दोन लिंगांच्या घरांतून तीन लिंगांच्या घरांत येण्यासाठीं आपला असा एक नियम बांधलेला असतो, आणि त्याला कोणी अडविलेलें नसतें. कारण ऐकणाऱ्या मराठी माणसाला त्याचें पुस्तक कोणतें आणि घर कोठें आहे हें पहिल्याच शब्दांत कळलेलें असतें.